अंतर्गत समितीकडे तक्रार: नाव आणि मुदत

प्रश्न: साहेबांविरुद्ध लैंगिक छळाची तक्रार केली तर माझं नाव ऑफिसभर होईल का? निकाल किती दिवसांत?

ऑफिसभर होता कामा नये, पण साहेबांना मात्र कळणारच. निकालाला जास्तीत जास्त साडेपाच महिने धरा. 2013 च्या कायद्यानुसार घटनेपासून 3 महिन्यांत लेखी तक्रार द्यायची (सबळ कारण असेल तर समिती आणखी 3 महिने देऊ शकते). तक्रारीची प्रत कामाच्या 7 दिवसांत त्यांच्याकडे जाते, कारण उत्तर द्यायची संधी त्यांनाही हवी. निनावी चिठ्ठीवर म्हणूनच चौकशी पुढे सरकत नाही. चौकशीला 90 दिवस, अहवालाला 10 आणि त्यावर कारवाई करायला मालकाला 60. म्हणजे 1 मार्चला तक्रार दिलीत तर चौकशी 30 मेपर्यंत संपायला हवी. गोपनीयता कलम 16 मध्ये आहे: तुमचं, त्यांचं, साक्षीदारांचं नाव आणि चौकशीतला मजकूर जाहीर करता येत नाही. मी अशा एका समितीवर बाहेरची सदस्य आहे; बातमी फुटते ती बहुधा साक्षीदारांना पाठवलेल्या ईमेलमधून, तेव्हा सूचना बंद पाकिटातून द्या असं आधीच लेखी मागा. एक मात्र, दहापेक्षा कमी कर्मचारी असतील तर तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करावी लागते.