फ्रेंच पाहुण्यांसाठी लग्नविधींचा मजकूर लिहिताना कोणते शब्द निवडावेत?

प्रश्न : जळगावजवळच्या आमच्या गावी बहिणीचे लग्न आहे आणि चार फ्रेंच पाहुणे येणार आहेत. त्यांच्या हातात द्यायला पानभर फ्रेंच मजकूर लिहितो आहे. आंतरपाट, अक्षता, सावधान, सप्तपदी यांना फ्रेंचमध्ये काय म्हणावे?

उत्तर :

मी धुळ्यात फ्रेंच शिकवतो आणि मामेभावाच्या लग्नासाठी असाच मजकूर मी लिहिला होता. त्यात झालेल्या चुकांवरूनच हे सांगतो. शब्द देवनागरीत उच्चाराप्रमाणे देत आहे.

आंतरपाटासाठी शब्दकोशात प्रथम ‘व्वाल’ सापडतो, पण तो टाळावा. पुल्लिंगी ‘ल व्वाल’ म्हणजे वधूच्या डोक्यावरचा जाळीदार पदर आणि स्त्रीलिंगी ‘ला व्वाल’ म्हणजे जहाजाचे शीड. पाहुण्याच्या डोळ्यांसमोर पहिलाच अर्थ येतो आणि तो नवरीच्या डोक्याकडे पाहत राहतो. ‘रिदो’ म्हणजे खिडकीचा पडदा, तर ‘द्रा’ म्हटले की पलंगावरची चादर आठवते. म्हणून एका शब्दाचा हट्ट सोडून ‘ऊन एतॉफ ब्लांश तांद्यू आंत्र यो’, म्हणजे ‘दोघांच्या मध्ये ताणून धरलेले पांढरे वस्त्र’, असे लिहावे. त्यावर कुंकवाने स्वस्तिक काढलेले असते आणि शेवटच्या मंगलाष्टकानंतर ते बाजूला ओढले जाते, हेही लगेच सांगावे. नाहीतर त्या वस्त्राचे प्रयोजन समजत नाही.

अक्षतांच्या बाबतीत अडचण वेगळी आहे, कारण तांदूळ टाकण्याची रीत फ्रेंच माणसाला आधीच माहीत असते. तिकडे नगरपालिकेतून किंवा चर्चमधून नवदांपत्य बाहेर पडते, त्या वेळी त्यांच्यावर तांदूळ उधळतात, म्हणजे सगळे झाल्यावर. मी केवळ ‘वधूवरांवर तांदूळ टाकतात’ एवढेच लिहिले होते, त्यामुळे आमचे पाहुणे मुठी आवळून शेवटपर्यंत थांबले आणि वाजंत्री वाजू लागली तेव्हा त्यांच्या अक्षता हातातच होत्या. म्हणून ‘प्रत्येक मंगलाष्टकाच्या शेवटी थोड्या टाका, मूठ एकदम रिकामी करू नका’ अशी स्पष्ट सूचना द्यावी. अक्षत म्हणजे न तुटलेला, हा अर्थ सुंदर आहे आणि तो द्यावा, मात्र ‘री कोंप्ले’ लिहू नये, कारण फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ बिनसडीचा तांदूळ असा होतो. ‘ग्रँ द री नों ब्रिझे’, म्हणजे न तुटलेले तांदळाचे दाणे, हे बरोबर आहे.

‘सावधान’चे भाषांतर ‘आतांस्यों’ करू नये. ती रस्त्यावर गाडी अंगावर येताना मारायची हाक आहे. ‘शुभमंगल सावधान’ हे शब्द तसेच ठेवून पुढे ‘स्वाये आतांतिफ’, म्हणजे ‘चित्त एकाग्र करा’, असा अर्थ द्यावा.

सर्वांत अवघड आहे ते ‘लग्न लागले’. फ्रान्समध्ये नगरपालिकेतला नागरी विवाह कायद्याने आवश्यक असतो आणि धार्मिक विधी त्यानंतरच होतो, त्यामुळे पाहुणे हमखास विचारतात की हे दोघे नेमके कोणत्या क्षणी विवाहित झाले. आपण खान्देशात आंतरपाट दूर होऊन हार पडले की ‘लगीन लागनं’ म्हणतो आणि अर्धा मांडव पंगतीकडे वळतो. पण 1955 च्या हिंदू विवाह कायद्याच्या कलम 7 नुसार, विधीत सप्तपदी असेल तर, सातवे पाऊल पडल्यावर विवाह पूर्ण होतो. मजकुरात दोन्ही लिहावे : लोकांच्या दृष्टीने हा क्षण, कायद्याच्या दृष्टीने तो. त्यामुळे पाहुणे सप्तपदी पाहायला थांबतात, हा मोठा लाभ आहे. सप्तपदीला ‘ले सेत पा’, म्हणजे सात पावले, म्हणावे. ‘सेत तूर’ म्हणजे सात फेरे, आणि ती वेगळी गोष्ट आहे.

एक लहान सूचना : नवरीला मांडवात आणणारा मामा ‘ओंक्ल मातेर्नेल’ असा लिहावा. नुसत्या ‘ओंक्ल’मध्ये काका आणि मामा दोन्ही येतात आणि मामाचा मान कळत नाही.

माझ्या दुसऱ्या मसुद्यातला मधला भाग मराठीत असा होता, तो आपण घेऊ शकता : “वधू आणि वर समोरासमोर उभे असतात, पण मधल्या पांढऱ्या वस्त्रामुळे एकमेकांना पाहू शकत नाहीत. श्लोक म्हटले जातात. प्रत्येक श्लोकाच्या शेवटी ‘सावधान’ ऐकू आले की हातातले थोडे दाणे त्यांच्या दिशेने हळुवार टाका. शेवटच्या श्लोकानंतर वस्त्र दूर होते, ते दोघे एकमेकांना हार घालतात आणि वाद्ये वाजू लागतात. कृपया जागेवरच थांबा. थोड्या वेळाने ते अग्नीजवळ सात पावले एकत्र चालतील.” वेळ मात्र ‘सुमारे’ म्हणूनच लिहावी आणि ‘जेवण वरण-बट्टीचे आहे, बट्टी कुस्करून वर तूप-वरण घ्यावे’ हे वाक्य शेवटी ठेवावे, आमच्या पाहुण्यांनी ती कोरडीच खाल्ली होती.