पापण्यांवरचे पुरळ: बाटल्यांआधी तारखा तपासा

प्रश्न: मी घोडबंदर रोडला राहते. लॅश एक्स्टेन्शन लावायला लागल्यापासून वरच्या पापण्या लाल होतात, सोलवटतात आणि फार खाजतात. काजळ बदलले, मस्कारा बंद केला, पार्लरने ग्लूसुद्धा बदलला, तरी पुन्हा होतेच. कानामागे टेस्ट केली होती, तेव्हा काही झाले नव्हते. नेमके कशामुळे होते, हे कसे शोधायचे?

उत्तर:

मी नवी मुंबईत त्वचारोगतज्ज्ञ म्हणून काम करते आणि अशा पापण्या घेऊन येणाऱ्या मुलींना मी प्रथम कॅलेंडर उघडायला सांगते. ॲलर्जीचे पुरळ वस्तू लावताक्षणी उठत नाही. एखाद्या रसायनाची ॲलर्जी शरीरात एकदा तयार झाली, की त्यानंतरच्या प्रत्येक वापरानंतर साधारणपणे एक ते तीन दिवसांनी खाज आणि सूज येते, आणि या मधल्या अंतरामुळेच शनिवारी लावलेल्या वस्तूचा दोष सोमवारी लावलेल्या काजळावर जातो. याउलट, एक्स्टेन्शन लावत असतानाच डोळे झोंबले, पाणी आले आणि एक-दोन दिवसांत सारे निवळले, तर तो बहुधा ग्लूच्या वाफेचा दाह असतो, ॲलर्जी नव्हे. तुमच्या वर्णनात झोंबण्यापेक्षा खाज प्रमुख आहे, म्हणून पुढचे सगळे ॲलर्जी गृहीत धरून लिहिते आहे.

शोध कसा लागतो, ते एका उदाहरणाने सांगते; ओळख पटू नये म्हणून त्यातले तपशील थोडे बदलले आहेत. वाशीतल्या एका बँकेत काम करणाऱ्या तिशीच्या बाई माझ्याकडे आल्या, तेव्हा त्यांनी तीन काजळे बदलून झाली होती. एक्स्टेन्शनचे रिफिल त्या दर तीन आठवड्यांनी शनिवारी करून घेत असत आणि वर्षभर त्याचा काहीच त्रास झाला नव्हता, त्यामुळे ग्लूवर त्यांचा संशय नव्हता. हा तर्क अनेकजण करतात, पण तो टिकत नाही, कारण ॲलर्जी पहिल्या वापरात सहसा दिसत नाही. ती वारंवारच्या संपर्कातून घडते आणि वर्षभर निमूट सोसलेल्या वस्तूवरही एके दिवशी शरीर उलटते.

पार्लरच्या तारखा त्यांना आठवत नव्हत्या, पण पैसे फोनवरून दिले असल्यामुळे व्यवहारांच्या यादीत सगळ्या सापडल्या. सुजलेल्या डोळ्यांचे फोटो त्यांनी बहिणीला पाठवले होते, त्यावरून पुरळाच्या तारखाही मिळाल्या. दोन्ही तारखा शेजारीशेजारी लिहिल्यावर दिसले, की प्रत्येक रिफिलनंतर दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी पापण्या सुजल्या होत्या आणि पुढच्या आठवड्यात उतरल्या होत्या. काजळ मात्र रोजचे होते. पुरळ रोजचे नव्हते. मधल्या काळात पार्लरने ‘सेन्सिटिव्ह’ असे लिहिलेला ग्लू वापरून पाहिला होता, तरी क्रम बदलला नाही. यात आश्चर्य नाही, कारण एक्स्टेन्शनचे बहुतेक ग्लू, मग ते काळे असोत वा पारदर्शक, सायनोॲक्रिलेट याच कुळातले असतात आणि त्यात एथिल सायनोॲक्रिलेट सर्रास आढळते. ‘सेन्सिटिव्ह’ किंवा ‘हायपोॲलर्जेनिक’ या शब्दांना कोणतेही ठरलेले वैज्ञानिक प्रमाण नाही, म्हणून बाटली बदलली याचा अर्थ रसायन बदलले असा होत नाही.

तारखांनंतर जागा पाहावी लागते. या बाईंच्या दोन्ही वरच्या पापण्या लाल होत्या, आणि सर्वांत जास्त त्रास पापणीच्या केसांच्या मुळांलगत होता. खालच्या पापण्या जवळजवळ स्वच्छ होत्या. खालच्या पापणीवर अर्धचंद्राकार, काठ स्पष्ट असलेले लालसर पुरळ दिसते, तेव्हा संशय ग्लूवर नव्हे, तर एक्स्टेन्शन लावताना डोळ्याखाली चिकटवतात त्या जेल पॅडवर किंवा टेपवर जातो. मस्कारा आणि आयलायनरने होणारे पुरळ ज्या दिवशी ते वापरले त्या दिवसांशी जुळते, पार्लरच्या तारखांशी नव्हे. पापणीच्या केसांच्या बुडाशी सकाळी खपल्या किंवा कोंड्यासारखे काही जमत असेल, तर ते ॲलर्जीपेक्षा कडांची जुनाट सूज असण्याची शक्यता अधिक. एक्स्टेन्शन निघतील या भीतीने मुली डोळे नीट धूतच नाहीत, त्यातून हे वाढते.

इथवर प्रकरण सरळ होते. त्यांनी एक्स्टेन्शन काढून घेतली, पुरळ कमी झाले आणि दोन आठवड्यांनी, पापणीवर एकही कृत्रिम केस नसताना, ते पुन्हा उसळले. या वेळी त्याचा आकार वेगळा होता: खालच्या पापण्या आणि गालाचा वरचा भागही लाल झाला होता. जागा बदलली, की कारण बदलले असावे असे मी मानते, म्हणून डोळ्यांजवळ जे जे लागते ते सगळे पिशवीत घालून आणायला सांगितले. त्या पिशवीत मेडिकलमधून चिठ्ठीविना घेतलेली एक ट्यूब निघाली, आणि तिच्यात स्टेरॉइडसोबत निओमायसिन हे प्रतिजैविक होते. निओमायसिन हे स्वतःच ॲलर्जीचे नेहमीचे कारण आहे. स्टेरॉइडमुळे पुरळ दबते आणि ट्यूब थांबवली की दुप्पट जोमाने वर येते, म्हणून माणूस पुन्हा तीच ट्यूब लावतो. हे चक्र महिनोन्‌महिने चालते. पापणीची त्वचा शरीरात सर्वांत पातळ असल्याने असे स्टेरॉइड दीर्घकाळ लावल्यास त्वचा विरळ होते आणि डोळ्यातील दाबही वाढू शकतो. तुमच्या प्रश्नात कोणत्याही मलमाचा उल्लेख नाही, पण घरात अशी ट्यूब असेल तर तिचे नाव डॉक्टरांना आवर्जून सांगा.

आता तुम्ही काय करावे ते सांगते. एक्स्टेन्शन कसलेल्या हाताने काढून घ्या, ओढू नका, कारण स्वतःचे केसही सोबत निघतात. आणि काढताना डोळ्याखाली पॅड लावू देऊ नका. त्यानंतर दोन ते तीन आठवडे डोळ्यांभोवती काहीही लावू नका. त्यात काजळ, मस्कारा, क्रीम, मेकअप काढण्याचे वाइप्स, कोरफडीचा गर आणि घरचे तूपसुद्धा आले. फक्त कोमट पाणी आणि कोरडेपणासाठी सुगंधविरहित साधी पेट्रोलियम जेली चालेल. खाज असह्य झाली तर डॉक्टर थोड्या दिवसांसाठी सौम्य स्टेरॉइड किंवा टॅक्रोलिमस मलम देतात, पण ते त्यांच्या देखरेखीखालीच वापरावे. या काळात नखांचे जेल पॉलिशही थांबवा. हाताने डोळे चोळण्याची सवय सगळ्यांनाच असते, आणि नीट न सुकलेल्या जेलमधील ॲक्रिलेट किंवा साध्या नेलपॉलिशमधील राळ बोटांवर काही न दाखवता पापणीवर पुरळ उठवते. पापणीवर जे कधी लावलेच नाही त्याची ॲलर्जी पापणीवर दिसावी, हे पटायला रुग्णांना वेळ लागतो.

पापण्या पूर्ण स्वच्छ झाल्यावर एकेक वस्तू परत आणायची, पण थेट डोळ्याला नव्हे. काजळ किंवा आयलायनर कोपराच्या आतल्या बाजूला, साधारण मोठ्या नाण्याएवढ्या जागेवर, दिवसातून दोनदा लावा आणि हे दोन आठवड्यांपर्यंत चालू ठेवा. मस्कारा लावल्यावर उघडाच सुकू द्या, वर पट्टी बांधू नका. तिथे खाज किंवा लाल पुरळ आले तर ती वस्तू कायमची बाद. काही झाले नाही, तर मग पापणीच्या बाहेरच्या कोपऱ्याला लावून पुढचा आठवडा पाहा. एका वेळी एकच वस्तू घ्या, नाहीतर सगळा खटाटोप वाया जातो. शक्य असल्यास प्रत्येक वस्तूच्या खोक्यावरील घटकांच्या यादीचा फोटो काढून ठेवा. खोके आपण पहिल्याच दिवशी फेकतो. फेसवॉश आणि शाम्पू यांना ही पद्धत लागू पडत नाही, कारण धुऊन टाकायच्या वस्तू त्वचेवर ठेवल्यास कोणाचीही त्वचा चिडते.

एक्स्टेन्शनचा ग्लू अशा रीतीने घरी तपासू नये. तो त्वचेच्या ओलाव्याने क्षणात घट्ट होतो, कापसावर पडल्यास तापतो, आणि पट्टीखाली ठेवल्यास ॲलर्जी नसतानाही त्वचा भाजू शकते. कानामागची तुमची चाचणी ‘काही झाले नाही’ असे सांगून गेली, याचे कारणही यातच आहे. घट्ट झालेला थेंब त्वचेत फारसा मुरत नाही, आणि पार्लरमध्ये सहसा दुसऱ्याच दिवशी पाहून निर्णय देतात, तर प्रतिक्रिया त्यानंतरही उमटू शकते. कानामागे पुरळ आले असते तर ते मी गांभीर्याने घेतले असते. न आल्याला मात्र पुरावा मानता येत नाही.

ग्लूसाठी त्वचारोगतज्ज्ञांकडची पॅच टेस्ट हवी. तीत ठरावीक प्रमाणात पातळ केलेली रसायने पाठीवर चकत्यांमध्ये चिकटवतात, 48 तासांनी काढतात आणि 72 किंवा 96 तासांनी पुन्हा वाचतात. सोमवारी लावली तर बुधवारी आणि शुक्रवारी जावे लागते. दुसरी भेट टाळू नका, कारण काही ॲलर्जी तेव्हाच उमटतात. ते दोन दिवस पाठ भिजवता येत नाही आणि ठाण्याच्या मे महिन्यात घामाने चकत्या सुटतात, म्हणून घाई नसेल तर थंडीतली तारीख घ्या. पाठीवर स्टेरॉइड मलम लावलेले नसावे आणि स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर तसे आधीच सांगावे. भारतात नेहमी वापरला जाणारा मूळ संच सायनोॲक्रिलेट तपासतोच असे नाही, म्हणून तारीख घेतानाच फोनवर विचारा, की सौंदर्यप्रसाधनांचा आणि ॲक्रिलेटचा संच त्यांच्याकडे आहे का.

वाशीच्या त्या बाईंच्या पाठीवर शुक्रवारी दोन ठिकाणी पुरळ उठले होते: एथिल सायनोॲक्रिलेटच्या जागी आणि निओमायसिनच्या जागी. तिन्ही काजळे हाताच्या चाचणीत निर्दोष ठरली. आता त्या मस्कारा आणि काजळ लावतात, आणि लग्नकार्यात पट्टीच्या लॅश वापरतात. तो ग्लू बहुधा वेगळ्या जातीचा असतो, पण काही तयार गुच्छांच्या ग्लूमध्ये सायनोॲक्रिलेट असल्याने यादी वाचूनच घेतात. कृत्रिम नखे चिकटवण्याचा ग्लू त्यांनी सोडला आहे. जखम टाके न घालता चिकटवण्यासाठी शल्यचिकित्सक जो ग्लू वापरतात तोही याच कुळातला असल्याने, त्यांच्या फाइलवर ही ॲलर्जी ठळक नोंदवली आहे.

यातले काहीही सुरू करण्यापूर्वी डोळ्यात दुखत असेल, नजर धूसर झाली असेल, उजेड सहन होत नसेल किंवा पू येत असेल, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना दाखवा; कारणाचा शोध त्यानंतर घेता येईल.