एम-२० स्लॅबचे ७ दिवसांचे क्यूब कमी आले तर?

प्रश्न: लातूरला घराचा स्लॅब टाकला, एम-२०, पीपीसी सिमेंट. त्याच काँक्रीटच्या नमुना ठोकळ्याचा, म्हणजे क्यूबचा, ७ दिवसांचा रिझल्ट १२.४ न्यूटन प्रति चौ. मिमी आला. स्लॅब फेल समजायचा का?

उत्तर: फेल नाही, पण काठावर आहे, निकाल २८ दिवसांच्या क्यूबवरच लागतो. एम-२० म्हणजे २८ दिवसांना २० न्यूटन प्रति चौ. मिमी ताकद हवी. साधारणपणे ७ दिवसांत २८ दिवसांच्या ताकदीच्या ६५ टक्क्यांच्या आसपास मिळते. पीपीसी हे राख मिसळलेलं सिमेंट सुरुवातीला जरा सुस्त असतं, त्यामुळे तुमचा आकडा २८ दिवसांना १९ ते २१ च्या दरम्यान जाईल असा अंदाज. मात्र पुढचं काँक्रीट ओतताना मिक्सरवरचं पाणी आजच आवरा.

आधी रिपोर्ट तपासा. १५० मिमीच्या क्यूबच्या एका बाजूचं क्षेत्रफळ २२,५०० चौ. मिमी, म्हणजे २७९ किलोन्यूटनला फुटला तर १२.४. तिन्ही क्यूबचे आकडे वेगवेगळे मागा. एखादा सरासरीपेक्षा १५ टक्क्यांहून जास्त हटला असेल तर तिन्ही क्यूबचा तो अख्खा नमुनाच बाद. असा क्यूब बहुधा भरतानाच बिघडलेला असतो: तीन थर, प्रत्येकी निदान ३५ ठोके हवेत, नाहीतर कडेला मधमाशीच्या पोळ्यासारखी भोकं दिसतात. दुसऱ्या दिवशी साचा काढून क्यूब थेट पाण्यात जायला हवा. आपल्याकडे मे महिन्यात तो गच्चीवर उन्हातच पडून राहतो. मशीनमध्ये क्यूबची थापीने सारखी केलेली बाजू वर किंवा खाली ठेवायची नाही, कडेला येईल अशी ठेवायची.

एक लक्षात घ्या, टाकीत भिजलेला क्यूब मालाबद्दल सांगतो. टँकर न आल्यामुळे स्लॅब कोरडा राहिला असेल, तर ते त्यात दिसणार नाही.