मित्राच्या फोटोखालच्या चार ओळी

प्रश्न: माझा मित्र परवा अचानक गेला, सत्तावीस वर्षांचा होता. इन्स्टावर त्याचा फोटो टाकायचा आहे. खाली काय लिहू? घरच्यांना खुपणार नाही आणि नाटकीही वाटणार नाही असं हवंय.

फोंड्याला एका मराठी दैनिकाच्या कार्यालयात मी बरीच वर्षं निधनवार्ता घेतो. लोक कागदावर लिहून आणतात, आता व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतात, आणि बहुतेकांचा मजकूर एकाच साच्यातला असतो. तो साचा माझ्याही हाताला इतका बसला आहे की गेल्या वर्षी आमच्या भजनी मंडळातला पखवाजी गेला, तेव्हा पहिला मसुदा मीही त्याच साच्यात लिहिला. तोही सत्तावीसचाच होता. तो मसुदा इथे देतो, म्हणजे कुठे काय चुकतं ते दाखवता येईल. नावाच्या जागी रेघ ठेवली आहे.

«नियतीचा क्रूर घाला! आमचा लाडका मित्र ___ हृदयविकाराच्या तीव्र झटक्याने आम्हा सर्वांना पोरके करून अनंताच्या प्रवासाला निघून गेला. का गेलास रे इतक्या लवकर? तुझ्याविना मैफल सुनी झाली. ईश्वर मृतात्म्यास चिरशांती देवो. भावपूर्ण श्रद्धांजली!»

यातली सगळ्यांत घातक गोष्ट म्हणजे हृदयविकार. तो पहाटे झोपेतून उठलाच नाही. तरुण माणूस असा गेला की पोलीस अकस्मात मृत्यू म्हणून नोंद करतात, पंचनामा होतो, शवचिकित्सा होते, कधी व्हिसेरा राखून ठेवतात आणि मग अहवालाची वाट बघत बसावं लागतं. तोवर कारण कुणालाच ठाऊक नसतं, घरच्यांनाही नाही. आम्ही मात्र मंडळाच्या ग्रुपवर दुपारीच 'अ‍ॅटॅक' ठरवून मोकळे झालो होतो. फोटोखाली एकदा छापून आलं की गावभर तेच कारण होतं, आणि पुढे अहवालात वेगळं निघालं तर खुलासा करत फिरावं लागतं ते आई-बापाला. त्याच्या दादाने मला एवढंच सांगितलं होतं, "फोटो घाल, पूण कितें जालें तें बरोवंक नाका." म्हणजे काय झालं ते लिहू नको. कारण ठाऊक असलं तरी लिहू नका. ते सांगायचं की नाही हा घरच्यांचा प्रश्न आहे.

'का गेलास रे' हे वाक्य प्रेमाने सुचतं, पण त्यात गेलेल्याला जाब विचारल्यासारखं होतं. आणि कारण गुलदस्त्यात असताना वाचणारा त्यातून नको तो अर्थ काढतो. तुमच्या मित्राने स्वतःला संपवलं असेल तर हे वाक्य आईच्या काळजात रुतेल. तसं असेल तर 'सुटलास', 'आता तरी शांत झालास' हेही नको, आणि कसं, कुठे याचा एक शब्दही नको.

'पोरके' हा शब्द आपला नाहीच. पोरकी मुलं होतात. त्याला मूल नव्हतं, पण आई-बाबा आणि दादा होते, आणि माझ्या मसुद्यात त्यांचा साधा उल्लेखही नव्हता. सगळा मजकूर 'आमची मैफल', 'आमची हानी'. निधनवार्तेत 'त्यांच्या पश्चात' ही ओळ का असते ते मला इतकी वर्षं ती टाइप करूनही त्या दिवशी कळलं.

'नियती', 'घाला', 'अनंताचा प्रवास' यांच्याबद्दल फार लिहीत नाही. हे शब्द कुणालाही लावता येतात, म्हणून त्यातून तुमचा मित्र दिसत नाही. 'भावपूर्ण श्रद्धांजली'ची अडचण निराळीच आहे. पोरं ते एकमेकांना चिडवायला वापरतात, क्रिकेटमध्ये बाद झालेल्यालासुद्धा. त्याच पोरांच्या फीडमध्ये तुमचा फोटो जाणार. 'मृतात्म्यास' ऐवजी लिहायचंच तर 'त्याच्या आत्म्यास' लिहा. आत्मा मरत नाही, असं म्हणून एका किर्तनकारबुवांनी आमच्या कार्यालयात येऊन मला फैलावर घेतलं होतं, आणि त्यांचं चूक नव्हतं. नावाआधी 'कै.' लावताना मात्र थांबा. ते कैलासवासी आहे. तुमचा मित्र ख्रिस्ती असेल तर ते विचित्र दिसेल, आणि गोव्यात मित्रांच्या एका टोळक्यात दोन्ही घरची मुलं असतातच. 'दिवंगत' कुणालाही चालतं, पण सत्तावीस वर्षांच्या मित्राला नुसतं नावच बरं.

आता काय लिहायचं. इन्स्टावर फोटोखाली पहिल्या एक-दोन ओळीच दिसतात, बाकीचं टिचकी मारल्यावर उघडतं. सुरुवात कवितेच्या ओळीने किंवा 'मित्रा...' अशी केली तर फोटो बघणाऱ्याला वाटतं वाढदिवस आहे, आणि खाली कुणीतरी केकचं चित्र टाकून जातो. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. म्हणून पहिल्या ओळीत नाव आणि 'निधन झालं' हे सरळ यायला हवं. 'निधन' हा शब्द कोरडा वाटतो खरा, पण घरच्यांना तो सोसवतो. पेपरात आम्ही 'यांचे निधन झाले' असं बहुवचन लावतो. तुम्ही मित्र आहात, 'याचं' लिहा.

त्यानंतर त्याची एकच गोष्ट, जी तुम्ही स्वतः पाहिली आहे आणि त्याच्या आईने वाचली तर तिला बरं वाटेल. 'हसतमुख', 'मनमिळाऊ', 'सदा मदतीला धावणारा' ही विशेषणं आमच्या कार्यालयात तयारच असतात. त्याऐवजी तो काय करायचा ते आठवा. मला पहिल्यांदा काही सुचेना. मग पखवाजाच्या डाव्या अंगाला लावायची कणीक आठवली. तालमीला तो सगळ्यांच्या आधी येऊन देवळाच्या मंडपात बसायचा आणि आम्ही पोचेपर्यंत घरून डब्यात आणलेली कणीक थापून, बोटांनी दाबून, आवाज हवा तेवढा खाली उतरवून तयार असायचा. तेवढ्यावर मजकूर उभा राहिला:

«आमचा मित्र ___ याचं मंगळवारी निधन झालं. तो २७ वर्षांचा होता.
आमच्या भजनी मंडळात तो नऊ वर्षं पखवाज वाजवत होता. तालमीला सगळ्यांच्या आधी यायचा आणि बाकीचे येईपर्यंत कणीक लावून तयार असायचा. नवख्या गायकाची लय सुटली तर त्याच्याकडे न बघता ठेका सोपा करायचा, म्हणजे कुणाच्या लक्षात येऊ नये.
त्याचे आई-बाबा, दादा आणि वहिनी यांच्या दुःखात आम्ही सोबत आहोत.
– मंडळातले मित्र»

उद्गारचिन्ह एकही नाही, हात जोडलेली चित्रं नाहीत, हॅशटॅग नाहीत. 'सोबत आहोत' लिहिताना मी अडखळलो, कारण ते लिहिलं की मग जावं लागतं. आम्ही बारा दिवस आळीपाळीने गेलो. तुम्हाला जमणार नसेल तर ती ओळ 'त्याच्या घरच्यांच्या दुःखात आम्हीही आहोत' एवढीच ठेवा.

टाकण्याची वेळ मजकुराइतकीच जपा. बऱ्याच वर्षांपूर्वी एका मित्राच्या अपघाताची बातमी मी तासाभरात फेसबुकवर टाकली होती. त्याची बहीण दुबईला होती. घरचे तिला कसं सांगायचं याचा विचार करत होते, आणि तिने ते माझ्या पोस्टवर वाचलं. तिने मला कधी काही म्हटलं नाही, पण मी ते विसरलेलो नाही. आपल्याकडे प्रत्येक घरातलं कुणी ना कुणी आखातात, लंडनला किंवा बोटीवर असतं. पखवाज्याचा दादाही बोटीवरच होता. त्याला यायला शुक्रवार उजाडला, तोवर देह शवागारात होता, अंत्यसंस्कार शनिवारी झाले. आम्ही फोटो शनिवारी संध्याकाळी टाकला. चार दिवस उशीर झाला म्हणून कुणाचं काही बिघडलं नाही.

घरातल्या एकाच माणसाला विचारा, आणि ते आई-बाबा नकोत. भाऊ, वहिनी, मावसभाऊ, जो फोन उचलतोय तो. "काय लिहू?" असं विचारू नका, त्याला ते आत्ता सुचणार नाही. तयार मजकूर आणि फोटो पाठवा आणि म्हणा, "दादा, हे टाकायचं म्हणतोय. काही काढायचं असलं तर सांग, नको असलं तर टाकत नाही." उत्तर आलं नाही तर त्याचा अर्थ नको असाच घ्या.

फोटो निवडताना त्याच्या आजीने बघितला तर चालेल का, एवढं बघा. बाटली, समुद्रकिनाऱ्यावरची पार्टी, जुनी मैत्रीण शेजारी उभी, असले फोटो नकोत. रस्त्यावर गेला असेल तर बाईकवरचा नको, कितीही देखणा असला तरी. काळापांढरा करून हार आणि पणती लावू नका. हार घातलेला फोटो घरच्यांनी भिंतीवर लावायचा असतो. गाणं जोडू नका.

त्याला टॅगही करू नका. त्याचा फोन आता घरात कुणाच्या तरी हातात असतो, बहुधा चार्जिंगलाही लावलेला असतो, कारण त्याला फोन येत राहतात. तुम्ही टॅग केलं की तो वाजतो. आमच्यातल्या एकाने स्टोरीत टॅग केलं, त्याला पाहून आणखी पंधरा जणांनी केलं, आणि वहिनीने शेवटी फोन बंद करून कपाटात ठेवला. तसंच, त्याचं खातं स्मृतिखातं करा म्हणून कंपनीला तुम्ही परस्पर कळवू नका. मित्रालाही तशी विनंती करता येते, पण ते एकदा झालं की त्यात कुणालाच लॉग-इन करता येत नाही, आणि घरच्यांना त्यातले फोटो हवे असू शकतात.

खाली पहिल्या दहा कमेंटमध्ये कुणीतरी 'कसं झालं?' विचारणारच. तिथे उत्तर देऊ नका, ती कमेंट काढून टाका आणि त्या माणसाला वेगळा मेसेज करा: "घरच्यांनी सांगितलेलं नाही, म्हणून मीही बोलत नाही." अंत्यसंस्काराची किंवा बाराव्याची वेळ कळवायची असेल तर ती घरच्यांनी दिली तरच, आणि कमेंटमध्ये लिहा, म्हणजे नंतर काढता येते. मूळ मजकूर तसाच राहतो.

आमचा मजकूर मी दादाला शुक्रवारी रात्री पाठवला होता. तो नुकताच विमानतळावरून घरी पोचला होता. दीड तासाने उत्तर आलं. त्याने काहीच काढलं नव्हतं. फक्त 'नऊ वर्षं'च्या जागी 'दहा' करायला सांगितलं होतं, कारण पहिलं वर्ष तो मंडळात नुसता टाळ वाजवायचा आणि पखवाज घरी शिकायचा, ते आम्हाला माहीत नव्हतं. मी 'दहा वर्षं आमच्या भजनी मंडळात होता, आधी टाळ आणि मग पखवाज' असं केलं आणि परत पाठवलं. त्यावर अंगठा आला.