तरुण संघात शंकेवर पाठ: वीस मिनिटं तुम्ही उत्तर देऊ नका

प्रश्न: आमच्या तरुण संघात दर आठवड्याला एक तासाचा पाठ असतो. १४ ते १९ वयाची बारा-पंधरा मुलं येतात. पुढचा विषय ‘शंका आणि विश्वास’ आहे. मुलांनी मोकळेपणाने विचारावं असं वाटतं, पण प्रश्न आला की मी लगेच वचन सांगून मोकळा होतो. नेमका कसा घ्यावा हा पाठ?

ही सवय मलाही होती, म्हणून आधी माझी फजिती सांगते. एका मुलीने पाठ चालू असताना विचारलं होतं, “आजीसाठी आपण सगळ्यांनी प्रार्थना केली. तरी ती गेली. मग ऐकलं कोणी?” मी क्षणाचाही विलंब न लावता म्हटलं, “देवाची वेळ आणि आपली वेळ वेगळी असते गं.” तिने मान हलवली. मला वाटलं, पटलं. त्यानंतर ती तीन महिने आली, पण एकही प्रश्न विचारला नाही, आणि मग यायचीच बंद झाली. मान हलवणं म्हणजे पटणं नव्हे, हे मला तेव्हा कळलं नाही. बहुतेक वेळा त्याचा अर्थ ‘ताई, आता पुरे’ एवढाच असतो.

शास्त्रभाग कोणता घ्यावा, इथूनच सुरुवात करते. शंका म्हटलं की सगळे थोमाकडे धावतात. मी त्याला टाळते, कारण त्याची गोष्ट आठ दिवसांत सुटते: प्रभू समोर येऊन उभा राहतो आणि प्रश्न मिटतो. मुलांच्या शंका अशा मिटत नाहीत, आणि ‘न पाहता विश्वास ठेवणारे ते धन्य’ हे वाक्य ऐकलं की ती ओळखतात, की चला, आता प्रश्न बंद.

मी मत्तय ११ मधली २ ते ११ ही वचनं घेते. बाप्तिस्मा करणारा योहान तुरुंगात आहे. ज्याने येशूला नदीत बाप्तिस्मा दिला, ज्याने लोकांना त्याच्याकडे बोट दाखवलं, तोच आता शिष्यांकरवी विचारतो, की जे येणार आहेत ते आपणच, की आम्ही दुसऱ्याची वाट पाहावी? हा बाहेरच्या माणसाचा प्रश्न नाही, घरातल्याचा आहे. मंडळीत वाढलेल्या मुलांना तो लगेच आपला वाटतो.

येशू ‘हो’ म्हणत नाही आणि ‘नाही’ही म्हणत नाही. जे ऐकता आणि पाहता ते जाऊन योहानाला सांगा, असं म्हणून तो यादी देतो: आंधळे पाहतात, पांगळे चालतात, कुष्ठरोगी शुद्ध होतात, बहिरे ऐकतात, मेलेले उठवले जातात, गरिबांना सुवार्ता सांगितली जाते. ही भाषा यशयाची आहे, ३५ आणि ६१ या अध्यायांतली. मुलांना यशया ६१:१ शेजारी उघडायला लावा आणि दोन्ही याद्या ताडून बघा म्हणा. यशयात बंदिवानांच्या सुटकेची घोषणा आहे. येशूच्या निरोपात ती गोष्ट नाही. आणि हा निरोप जाणार आहे एका बंदिवानाकडे.

हे तुम्ही सांगू नका. मुलांना सापडू द्या. कोणाला तरी सापडतंच, आणि ज्याला सापडतं त्याच्या चेहऱ्यावर जे येतं ते माझ्या कुठल्याही प्रवचनाने आलेलं नाही. हे गळालेलं मुद्दाम आहे की नाही, ते मजकुरात लिहिलेलं नाही. तेही तसंच सांगा.

आता तासाची मांडणी. पहिली दहा मिनिटं चिठ्ठ्या. सगळ्यांना सारखे कागद, सारखी पेनं, आणि लिहिणं सगळ्यांना सक्तीचं. ज्याला प्रश्न नाही त्याने ‘आज काही नाही’ असं लिहायचं, म्हणजे कोण लिहितंय आणि कोण नाही हे कळत नाही. चिठ्ठ्या डब्यात टाकायच्या आणि वाचायच्या तुम्ही स्वतः, म्हणजे अक्षरावरून कोणी ओळखलं जाणार नाही. लिहिण्याआधी एक गोष्ट स्पष्ट सांगायची: चिठ्ठी कोणाची ते मी शोधणार नाही, पण कोणाच्या जिवाला धोका आहे किंवा कोणी कोणाला इजा करतंय असं लिहिलेलं असेल, तर मी गप्प बसणार नाही. अशी चिठ्ठी आली तर ती मोठ्याने वाचू नका. पाठ संपल्यावर सगळ्यांना सांगा की मी अर्धा तास इथेच बसले आहे, आणि त्याच दिवशी मंडळीत मुलांच्या सुरक्षेची जबाबदारी ज्यांच्याकडे आहे त्यांना कळवा. ‘सगळं गुप्त राहील’ असं वचन सुरुवातीला देऊन बसलात तर इथे अडकाल.

पुढची वीस मिनिटं योहानाची. वाचन दोनदा, वेगवेगळ्या आवाजांत. मग एकच प्रश्न: शिष्य हा निरोप घेऊन तुरुंगात परत गेले, तर योहानाला उत्तर मिळालं का? आणि मग गप्प बसा. मेरी बड रो या अमेरिकन अभ्यासक बाईंनी वर्गांचं निरीक्षण करून दाखवलं होतं, की प्रश्न विचारल्यावर शिक्षक साधारण एक सेकंदच थांबतात, आणि तीन सेकंद किंवा जास्त थांबले की मुलांची उत्तरं लांबतात आणि न बोलणारी मुलंही बोलू लागतात. शंकेच्या विषयाला तीन सेकंद कमीच. मी मनात वीसपर्यंत आकडे मोजते. बारापर्यंत जीव जातो. पंधराच्या आसपास कोणीतरी बोलतं, आणि ते बहुधा नेहमी बोलणारं मूल नसतं.

या वीस मिनिटांत तुम्हाला दोनच वाक्यांची परवानगी आहे: ‘हे कुठे दिसलं तुला?’ आणि ‘आणखी सांग ना.’ मुलांसाठीही एक नियम ठेवा: दुसऱ्याच्या प्रश्नाला वचनाने उत्तर द्यायचं नाही, फक्त पुढचा प्रश्न विचारायचा. पाठांतरात पहिला येणारा मुलगा यावर चिडतो. चिडू द्या.

एक जण हटकून म्हणेल, की योहानाला स्वतःला शंका नव्हतीच, शिष्यांना पटावं म्हणून त्याने विचारलं. हसण्यावारी नेऊ नका, हे जुनं मत आहे. चौथ्या शतकातल्या ख्रिसोस्तम या धर्मोपदेशकानेही असंच म्हटलं होतं. मला ते पटत नाही, कारण येशू ‘जाऊन योहानाला सांगा’ म्हणतो. पण आपलं मत मांडण्याआधी मी मुलांना विचारते, की संदेष्ट्याला शंका आली हे आपल्याला एवढं का टोचतं? इथे चर्चा खरी रंगते. दुसरा कोणी याकोब १:६ काढेल, संशय धरणारा समुद्राच्या लाटेसारखा. मग आधीचं वचन वाचायला सांगा. तिथे देव दोष न लावता देतो असं म्हटलंय, आणि पुढे आठव्या वचनात ‘द्विबुद्धीचा मनुष्य’ आलाय. योहानाने प्रश्न कोणाकडे पाठवला ते बघा: ज्याच्याविषयी शंका होती त्याच्याकडेच.

आणखी एक बारकावा सातव्या वचनापासून पुढे आहे. शिष्य निघून गेल्यावर येशू लोकांसमोर योहानाची स्तुती करतो, की स्त्रियांपासून जन्मलेल्यांत त्याच्याहून मोठा कोणी निघाला नाही. म्हणजे प्रश्न विचारल्यामुळे तो उतरला नाही. पण ही स्तुती योहानाने ऐकली नाही. चौदाव्या अध्यायात हेरोद त्याचं शिर छाटायला लावतो. हे सांगितल्यावर खोलीत जी शांतता पसरते ती मोडू नका, विनोद करून तर मुळीच नको.

उरलेल्या वेळात चिठ्ठ्या. मी त्या वाचत जाते आणि टेबलावर दोन ढीग करते. एका ढिगात माहितीचे प्रश्न: चार शुभवर्तमानांत फरक का, उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायातले दिवस आणि विज्ञान कसे जुळतात. यांना उत्तरं असतात, निदान चांगली उत्तरं असतात, आणि ती द्यायलाच हवीत; फक्त आज नाही, पुढच्या आठवड्यात तयारी करून. ‘पुढच्या वेळी’ म्हणून विसरलात तर मुलं एका फटक्यात ओळखतात की प्रश्न विचारा म्हणणं नुसतं दाखवण्यापुरतं होतं. दुसऱ्या ढिगात दुखणारे प्रश्न: बाबा का गेले, मला प्रार्थनेत काहीच का जाणवत नाही, मी जसा आहे तसा देवाला चालतो का. त्यांच्यावर माहितीची मात्रा चालत नाही. ईयोबाचे मित्र सात दिवस सात रात्री गप्प बसले तोवर सगळं बरं होतं, बोलायला लागले आणि बिघडलं. असा प्रश्न मी वाचते, थोडी थांबते, आणि विचारते, “हा आणखी कोणाचा प्रश्न आहे?” हात वर होतात. लिहिणाऱ्याला कळतं की आपण एकटे नाही, आणि तो कोण हे कोणालाच कळत नाही.

कधी कधी माहितीच्या प्रश्नाआड दुखणं लपलेलं असतं. ‘चमत्कार आता का होत नाहीत’ ही चिठ्ठी मी एकदा पहिल्या ढिगात टाकली आणि पुढच्या आठवड्यात चांगलं अर्ध्या तासाचं विवेचन केलं. नंतर कळलं, त्या मुलाचा भाऊ दवाखान्यात होता. तेव्हापासून ढीग ठरवण्याआधी मी स्वतःला विचारते, की हे आज विचारावंसं का वाटलं असेल?

शेवटच्या प्रार्थनेत सगळ्यात जास्त घसरगुंडी होते. तासभर तोंड आवरलेला माणूस डोळे मिटून म्हणतो, ‘हे प्रभू, ज्यांच्या मनात शंका आहेत त्यांना तुझी वेळ योग्य असते हे समजू दे,’ आणि सगळी उत्तरं मागच्या दाराने आत येतात. मी प्रार्थनेऐवजी स्तोत्र ८८ मोठ्याने वाचते. ते अंधारातच संपतं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा एका मुलाने विचारलं, “ताई, पान संपलं की पुढे आहे?” संपलं, म्हटलं.

पाठ जमला की नाही हे त्याच संध्याकाळी कळत नाही. मुलं खूश होऊन गेली यावर जाऊ नका. मी पुढच्या आठवड्याच्या चिठ्ठ्या बघते. ‘देव आहे का’ सारखे गोल प्रश्न कमी होऊन ‘मी रोज रात्री हेच मागते, तरी’ असे टोकदार प्रश्न आले, तर दार उघडलं. सगळ्याच चिठ्ठ्यांवर ‘आज काही नाही’ आलं, तर मी कुठेतरी बोलून गेलेली असते.

पाळकसाहेबांना आधी सांगून ठेवा, कारण पालकांपैकी कोणीतरी विचारणारच की तुम्ही आमच्या मुलांना शंका शिकवता काय. आम्ही चिठ्ठ्यांचा डबा त्यांना पाठाच्या आधीच दाखवला होता. त्यांनी तो हातात घेतला, खिशातून पेन काढलं आणि स्वतः एक चिठ्ठी लिहून आत टाकली. त्या संध्याकाळी मी सगळ्या चिठ्ठ्या वाचल्या. त्यांची कोणती, ते मला आजवर ओळखता आलेलं नाही.