रिमची कड गंजून हवा जात असेल तर ट्यूब टाकू नका

प्रश्न: माझ्याकडे २०१० ची हॅचबॅक आहे. स्टीलच्या रिम, ट्यूबलेस टायर. एका चाकाची हवा दर आठवड्याला उतरते, पंक्चर सापडत नाही. एक जण म्हणतो रिमची कड गंजली आहे, साफ होईल. दुसरा म्हणतो रिमच बदला. काय करू? बदलायची तर कुठली घेऊ?

उत्तर:

आधी एक सांगतो. ट्यूब टाकू नका. हा सल्ला तुम्हाला अजून कोणी दिला नसेल तर येत्या आठवड्यात कोणीतरी देईलच. माझ्या घरात यावरून दोन वर्षं वाद चालला आहे, म्हणून हे लिहायला बसलो.

माझी २००९ ची स्विफ्ट आहे, चौदा इंची स्टीलच्या रिमची. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरातला अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला आणि नाग नदीचं पाणी वस्त्यांत शिरलं, तेव्हा ती आमच्या गल्लीत उभी होती. पाणी चाकाच्या निम्म्यापर्यंत आलं. इंजिन वाचलं. आम्ही गाडी धुतली, चटया वाळवल्या, ब्रेक उघडून साफ करून घेतले. टायर आणि रिम यांच्या फटीत बसलेल्या गाळाचा विचार कोणीच केला नाही. हा गाळ वरून वाळलेला दिसतो, पण आत महिनोन्‌महिने ओल धरून ठेवतो.

पुढच्या उन्हाळ्यात मागचं डावं चाक बसायला लागलं. रविवारी ३० पीएसआय भरली की पुढच्या रविवारी २२. पहिल्या पंक्चरवाल्याने टायरच्या नक्षीवर साबणपाणी फिरवलं आणि म्हणाला, काही नाही भाऊ, मुलांनी हवा सोडली असेल. दुसऱ्याने व्हॉल्व्हमधून सीलंट भरलं. महिनाभर बरं वाटलं, मग परत तेच. तिसरं एक मोठं, चकचकीत टायरचं दुकान होतं. तिथे मला सांगितलं की टायर म्हातारे झाले, चारही बदला. टायर दोन वर्षांचे होते! गंज रिमला होता. नवे टायरही त्याच गंजावर बसले असते आणि पुढच्या महिन्यात मी पुन्हा तिथेच उभा राहिलो असतो.

शेवटी कामठी रोडवरच्या एका म्हाताऱ्या काकांनी ते पकडलं. त्यांनी चाक काढून ड्रमवर आडवं ठेवलं, रिमची कड आणि टायर यांच्यामधल्या खाचेत दाट साबणपाणी ओतलं आणि स्टूल ओढून बसले. मी विचारलं, "काका, काही दिसून राहिलं का?" ते म्हणाले, "थांब ना बे, घाई काऊन करतं? आठवडाभर लागते हवा जायला, दोन मिनिटांत कशी दिसन?" चार-पाच मिनिटांनी खाचेत एका जागी बारीक पांढरा फेस धरला, दुधावर येतो तसा. चाक उलटवलं तर आतल्या बाजूला दोन जागी तसाच फेस. खिळ्याच्या पंक्चरचा बुडबुडा मोठा असतो आणि एकाच ठिकाणी फुगतो. गंजलेल्या कडेचा फेस बारीक असतो आणि दोन-चार इंच लांब पसरतो. घाईत पाहणाऱ्याला तो दिसतच नाही. त्यांनी व्हॉल्व्हच्या बुडाशीही पाणी टाकून पाहिलं. तुम्हीही आधी तेवढं पाहून घ्या, कारण जुना रबरी व्हॉल्व्ह चिरला तरी लक्षण हेच दिसतं.

बाहेरचा फेस कुठे होता ते महत्त्वाचं आहे. बॅलन्सिंगचं शिशाचं वजन जिथे ठोकलं होतं, बरोबर त्याच्या शेजारी. त्या वजनाची क्लिप कडेचा रंग खरवडते. दर वेळी जुनं वजन उपटून नवं थोडं पुढे ठोकतात, म्हणजे आणखी एक ओरखडा. गंज तिथून सुरू होतो आणि रंगाखालून आत सरकत जातो. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, म्हणून तो पापुद्रे धरून फुगतो आणि टायरची कड जागेवरून किंचित उचलतो. टायरमधली हवा कुठल्याही गोंदाने थांबलेली नसते. रबराची कड लोखंडावर दाबून बसते एवढंच. त्या दोघांत पापुद्रा आला की हवेला वाट झाली. पुराने माझ्या बाबतीत फक्त घाई केली, सुरुवात त्या ओरखड्याची होती.

आता साफ करणं. टायर काढण्याआधी टायर आणि रिम दोन्हीवर खडूची खूण करून घ्या, म्हणजे फेस जिथे आला ती जागा नंतर दोन्हीवर सापडते. कड सुटल्यावर काकांनी मला आत बोट फिरवायला लावलं. खरखरीत, खपली धरलेल्या जखमेसारखं लागत होतं. त्यांनी ग्राइंडरला तारेचा ब्रश लावून दोन्ही बाजूंची पूर्ण गोल कड घासली, नुसती खुणेची जागा नाही. घासायचा भाग कुठला हे नीट समजून घ्या. वर वळलेला दिसणारा काठ महत्त्वाचा नाही. त्याच्या लगेच आतली, टायर ज्यावर टेकतो ती बोटभर रुंदीची सपाट पट्टी महत्त्वाची. तिच्या आतल्या अंगाला एक छोटा उंचवटा असतो, टायर घसरून मध्ये पडू नये म्हणून. तो घासून झिजवायचा नाही. ब्रशनंतर ८० नंबरचा पॉलिश पेपर, मग १२०, लोखंड चमकेपर्यंत. धूळ बाहेर फुंकायची आणि डोळ्यांवर चष्मा हवाच, कारण तारेच्या ब्रशचे काटे सुटून उडतात. सीलंट वाळून बसलं होतं तिथेच सगळ्यात जास्त वेळ गेला.

चमकलेलं लोखंड तसंच सोडलं तर ते पुन्हा गंज धरणारच. रेड ऑक्साइड किंवा जस्ताच्या प्रायमरचा एकच पातळ हात द्या आणि रात्रभर वाळू द्या. इथे दुकानदार घाई करतात. ओल्या किंवा जाड रंगावर टायर चढवला की रंग सोलून निघतो आणि त्याची सालं पुन्हा तीच फट करतात. माझी रिम मी त्या रात्री तिथेच ठेवून आलो आणि स्टेपनीवर घरी गेलो.

टायरच्या कडेलाही गंजाची पूड चिकटलेली असते. ती ओल्या फडक्याने पुसायची. तिथे तारेचा ब्रश लावू नका, रबर फाटलं तर टायरच गेला. घासूनही रिमवर बारीक खड्डे उरले तर बीड सीलर नावाचा काळा, रबराचा लेप डब्यात मिळतो. तो पातळ लावला की खड्डे भरतात. न घासता नुसता तोच फासणारे पुष्कळ आहेत. तो लेप खपलीला चिकटतो आणि खपलीबरोबरच निघतो. टायर चढवताना ग्रीस किंवा ऑइल लावू देऊ नका, रबर खराब होतं आणि टायर रिमवर फिरतो. धुण्याच्या पावडरचं पाणीही नको, आत उरून ते पुन्हा गंज आणतं. टायर चढवायची पेस्ट मिळते, तीच लावायला सांगा. व्हॉल्व्ह नवा टाका. हवा भरताना कड "टक्" करून बसते, दोन्ही बाजूंनी. ४० पीएसआयपर्यंत बसली नाही तर हवा सोडून पुन्हा पेस्ट लावायची, वर वर भरत जायचं नाही. मग बॅलन्सिंग. वजनं चिकटवायची घ्या आणि रिमच्या आतल्या अंगाला लावून घ्या, क्लिपवाली नको.

त्या चाकाची हवा नंतर महिनाभर मी लिहून ठेवली. सकाळी गाडी थंड असताना, एकाच मीटरने. अर्धा पीएसआयसुद्धा उतरली नाही. मीटर आणि वेळ एकच ठेवा, कारण तापमान पाच-सहा अंश उतरलं की हवा साधारण एक पीएसआय कमी दाखवते. नागपुरात मे महिन्याच्या दुपारी तापलेल्या टायरमध्ये ३० भरली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे मोजली तर २७ दिसेल, आणि तुम्ही उगाच रिमला दोष द्याल.

आता ट्यूबचं. आमचे भाऊजी पहिल्या दिवसापासून म्हणत होते, "दीडशेची ट्यूब टाक अन् मोकळा हो, कशाला घासत बसतो?" त्यांच्या गाडीला त्यांनी तेच केलं होतं. ट्यूबलेस टायरची आतली बाजू ट्यूबसाठी केलेली नसते. ट्यूब आणि टायर यांच्यात हवा अडकते, दोन्ही एकमेकांवर घासून तापतात, आणि गंजाचे पापुद्रे ट्यूबला टोचत राहतात. गंज तर आत वाढतच असतो. सगळ्यात वाईट म्हणजे, ट्यूबलेसला खिळा लागला तर हवा हळूहळू जाते, पण ट्यूब फाटली की रिमच्या व्हॉल्व्हच्या भोकातून सगळी एकदम जाते. त्यांची तशी गेली, वर्धा रोडवर बुटीबोरीच्या पुढे, गाडीत ताई आणि दोन्ही मुलं असताना. गाडी कडेला घेता आली म्हणून बरं. टायर चिंध्या झाला आणि रिम कडेवर चालून वाकली. तरी ते अजूनही म्हणतात ट्यूब खराब कंपनीची होती. भाऊजी, तुम्ही हे वाचत असाल तर पुन्हा सांगतो, ट्यूब कुठल्याही कंपनीची असती तरी तिच्याखाली तोच गंज होता.

बदलायची कधी, हे तुम्ही विचारलं होतं. घासून झाल्यावर खिळ्याचं टोक कडेवरून फिरवा. ते खड्ड्यात अडकून थांबलं, कड पातळ होऊन धारदार लागली, बोल्टच्या भोकांपासून चीर निघाली असेल किंवा रिमच्या जोडाच्या वेल्डिंगवर फेस आला, तर ती रिम भंगारात द्या. वेल्डिंग करून घेऊ नका. माझं पुढचं डावं चाक असंच निघालं आणि मी जुनी रिम घेतली. घेताना मापं जुळवा. आकार रिमवरच कोरलेला असतो, माझ्यावर १४ x ५जे आहे. बोल्टच्या भोकांचं अंतर, मधल्या भोकाचा व्यास आणि ऑफसेट, म्हणजे रिम किती आत किंवा बाहेर बसते ते माप, हे तिन्ही मूळ रिमसारखे हवेत. जुनी घेत असाल तर पैसे देण्याआधी बॅलन्सिंगच्या मशीनवर फिरवून पाहा. काठ वरखाली किंवा डावीउजवीकडे डोलला तर सोडून द्या. तुमच्या गाडीला नेमकी कुठली बसते ते गाडीचं मॉडेल सांगितल्याशिवाय मी सांगणार नाही.

हे सगळं कारच्या साध्या स्टील रिमबद्दल आहे. अलॉयला तारेचा ब्रश लावू नका, तिथला गंज पांढरा असतो आणि धातू मऊ. ट्रकच्या, कड्या जोडलेल्या रिमला तर घरी हातच लावू नका, त्यांची कडी सुटली की माणूस मरतो. आणि बोल्ट तिरपे समोरासमोरचे आवळा, मग पन्नास-शंभर किलोमीटर चालल्यावर पुन्हा एकदा तपासा. रंगाचा थर दबल्यावर ते किंचित सैल होतात. माझे झाले होते.