रोकड वहीच्या फोटोवरून दुहेरी नोंद : आधी शिल्लक जुळवा

भाऊ, कृषी केंद्राच्या वहीचे फोटो पाहून लगेच नोंदी टाकायला बसू नका. आधी पान जसं आहे तसं उतरवा. खोडलेला आकडाही वेगळ्या रकान्यात ठेवा, सोबत फोटोचा नंबर लिहा. खोडलेलं सोडून देणं ही नवख्यांची नेहमीची चूक.

समजा पान असं आहे: मा.शि. म्हणजे मागची शिल्लक 4,200. जमा बाजूला ‘रा.पा. ह. मुलगा 3,000’, यात रा.पा. हे कास्तकाराचं नाव थोडक्यात लिहिलेलं. नावे बाजूला हमाली 350 आणि बँक भरणा 5,200, पण त्यावर काट मारून वर 2,500. खाली अखेर शिल्लक 4,350.

4,200 + 3,000 − 350 − 2,500 = 4,350. म्हणजे 2,500 खरा. 5,200 धरला तर 1,650 उरतात, जुळत नाही. तरी बँकेच्या पासबुकात बघाच.

आता नोंदी:

- रोख नावे 3,000, रा.पा. जमा 3,000.
- हमाली नावे 350, रोख जमा 350.
- बँक नावे 2,500, रोख जमा 2,500.

इथंच सगळे अडखळतात. वहीत जमा बाजूला असलेली रक्कम रा.पा.च्या खात्यात जमा होते, रोख खातं मात्र नावे पडतं.

‘ह.’ म्हणजे हस्ते. पैसे मुलानं आणून दिले, खातं बापाचंच, म्हणून मुलाच्या नावानं खातं उघडू नका. आणि हे 3,000 विक्री धरण्याआधी उधारीची वही उघडा. बियाण्याची उधारी तिथं आधीच विक्रीत धरली असेल, तर तीच विक्री दोनदा दिसेल.

‘रा.पा.’ नावाचे गावात दोन कास्तकार असतील तर अंदाज बांधू नका. रक्कम तात्पुरती सस्पेन्स खात्यात ठेवा आणि दुकानदाराला विचारा.